‘जखम कोरडी ठेवा’ असं आपण सांगतो आणि घरी काय होतं: सिझरनंतर आठव्या दिवशी परत आलेली एक बाळंतीण

मी सांगली जिल्ह्यात एका दवाखान्यात प्रसूती वॉर्डला स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं झाली. डिस्चार्जच्या दिवशी बाळंतिणीला काय सांगायचं ते मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल असं मला वाटायचं, पण ह्या एका पेशंटनंतर माझी सांगायची पद्धत पूर्ण बदलली म्हणून हे सविस्तर लिहितेय. पेशंटच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पोरगी २४ वर्षांची, पहिलटकरीण, माहेर तासगावच्या बाजूला, द्राक्षबागा असलेलं घर. एप्रिलचा महिना. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे, एप्रिलमध्ये तिकडं खरड छाटणीची धांदल असते, घरातली सगळी माणसं बागेत, आणि ऊन असं की दुपारी दोनला पत्र्याखाली उभं राहवत नाही. हे सगळं पुढं कामाचं आहे म्हणून सांगतेय.

सोमवारी पहाटे पाणी गेलं म्हणून ॲडमिट झाली, दिवसभर कळा दिल्या, पण पिशवीचं तोंड सात सेंटीमीटरच्या पुढं उघडेना आणि बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, म्हणून रात्री अकराला सिझर केलं. मुलगी झाली, छान रडली. आईचं वजन ७८ किलो, हिमोग्लोबिन ९.४, शुगर नाही, बीपी नाही. पाणी जाऊन १७-१८ तास झाले होते, मधे आतून तपासण्याही बऱ्याच झाल्या होत्या, वजन जास्त, रक्त थोडं कमी, म्हणजे जखमेत इन्फेक्शन व्हायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्तच होती हे आधीच मान्य करते, सगळा दोष घरच्यांवर टाकायचा नाहीये. छेद आडवा, ओटीपोटाच्या खालच्या घडीत, साधारण चार-पाच इंच. कातडीचे टाके आतून विरघळणाऱ्या दोऱ्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला उठवून चालवलं, बुधवारी पट्टी काढली, जखम छान होती. शुक्रवारी दुपारी साडेबाराला डिस्चार्ज. आणि आता हे बघा, मी तिला सूचना कधी दिल्या? नवरा खाली बिलाच्या खिडकीवर, आई पिशव्या भरतेय, गाडीवाला खालून फोन करतोय, बाळ रडतंय, आणि मी कार्ड हातात देऊन सांगतेय की जखम कोरडी ठेवा, जड उचलू नका, गोळ्या वेळेवर घ्या, ताप आला किंवा पू आला तर या, ऑपरेशननंतर आठव्या दिवशी दाखवायला या. पोरगीनं मान हलवली. आईनं विचारलं, टाके कधी काढायचे? मी म्हणाले, काढायचे नाहीत, विरघळतात. सगळं मिळून तीन-चार मिनिटं.

पुढं जे झालं त्यातलं जवळजवळ सगळं त्या तीन-चार मिनिटांतल्या दोन वाक्यांवरून झालं.

घरी काय झालं

हे मला नंतर तिच्या आईनं बाकावर बसून एकेक करत सांगितलं. ‘सिस्टर, तुम्हीच म्हणालासा की कोरडी ठेवा, पाण्याचा एक थेंब लावला न्हाई बघा.’ आणि खरंच लावला नव्हता. घरी गेल्यापासून पोरीला अंघोळ नव्हती, नुसतं ओल्या फडक्यानं हातपाय आणि पाठ पुसायची, पोटाच्या खाली कुणी हात लावायचा नाही. घाम यायचा म्हणून घामोळ्याची पावडर टाकायची, दिवसातून दोनदा. वरून पोट सुटू नये म्हणून जुन्या नऊवारीचा पट्टा, चार वेढे, घट्ट, रात्रंदिवस. संध्याकाळी बाजेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, खोलीची दारंखिडक्या बंद.

आता त्या घडीत काय चाललं असेल ते डोळ्यांपुढं आणा. बाळंतपणानंतर पोट लगेच आत जात नाही, ते ओघळून जखमेवर येतं, म्हणजे जखमेवर कातडीचंच झाकण. आत घाम, त्यात पावडर, पावडरचा घामात चिखल होतो आणि तो टाक्यांच्या रेघेत बसतो, वरून पट्ट्यानं हवा बंद. आईनं पाणी लावलं नाही, पण जखम चोवीस तास ओलीच होती. तिनं माझा शब्द शंभर टक्के पाळला, फक्त मला कोरडी म्हणजे ‘धुऊन टिपून कोरडी’ म्हणायचं होतं आणि तिनं ‘पाणी न लावता’ असं ऐकलं. आणि ती का तसं ऐकणार नाही? मी बोललेच तसं.

दुसरं वाक्य टाक्यांचं. टाके काढायचे नाहीत म्हटल्यावर घरच्यांनी हिशोब केला की मग आठव्या दिवशी एवढ्या उन्हात नेऊन काय करायचं, बागेत माणसं लागलीत, बाळाला वारं लागेल, नंतर जाऊ कधीतरी. काळ्या दोऱ्याचे टाके असते तर काढायला आलेच असते आणि आम्ही जखम बघितली असती. विरघळणारा टाका चांगला आहे, पण त्याच्याबरोबर जखम दाखवायला यायचं कारण पण विरघळून जातं, हे माझ्या तोपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं.

सहाव्या दिवशी, रविवारी, दुखणं वाढलं. इथं थांबून सांगते, कारण हीच सगळ्यात आधी मिळालेली खूण होती आणि ती कुणाला कळली नाही. सिझरचं दुखणं उतरत जातं. पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग रोज थोडं थोडं कमी. तिचं गुरुवार-शुक्रवारी उतरलं होतं आणि रविवारी परत चढलं, एका कोपऱ्यात, ठणकल्यासारखं. उतरलेलं दुखणं परत चढलं की काहीतरी शिजतंय असं समजायचं, लाली-पू दिसायच्या एखादा दिवस आधी सुद्धा हे होऊ शकतं. घरी सगळ्यांनी समजूत घातली की सिझर म्हटल्यावर दुखणारच. त्यात दुखण्याच्या गोळ्या तिनं शनिवारीच बंद केल्या होत्या, दुधातून बाळाला जातात म्हणून.

सोमवारी, सातव्या दिवशी, आशाताई घरी आल्या. सिझर झालेल्या बाईकडं आशांच्या घरभेटी सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. बाळाचं वजन केलं, ताप बघितला, सगळं ठीक. पोरीला विचारलं, तुझं कसं आहे, ती म्हणाली बरं आहे. आशाताई उठल्या सुद्धा होत्या, पण पोरीजवळून वाकून पिशवी उचलताना त्यांना वास आला. अंगावरून जातं त्याला थोडा वास असतोच, तो रक्ताचा, हा तसला नव्हता, कुबट. त्यांनी आईला बाहेर पाठवलं, दार लावलं, पट्टा सोडायला लावला, पोट वर उचलून बघितलं आणि मग मला फोन केला. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात चांगलं काम कुणी केलं असेल तर त्या बाईनं.

मी म्हणाले आजच घेऊन या. आले मंगळवारी सकाळी, गाडी मिळाली नाही म्हणून. एक रात्र गेली, सुदैवानं त्यात फार बिघडलं नाही.

आल्यावर काय सापडलं

ताप १००.८. नाडी थोडी जलद. पट्टा सोडला तर पोटावर वेढ्यांचे वळ उठलेले. घडीत पावडरचे पांढरे गोळे, ओले. ते सलाईननं धुऊन काढल्यावर जखम दिसली, चारातले तीन भाग रेघ चांगली जुळलेली, उजवा कोपरा लाल, गरम, दोन बोटं रुंद, आणि टोकाला साधारण दोन सेंटीमीटर उघडलेली, दाबल्यावर पिवळा पू. जखमेच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा एक फोड पण होता. तो शेगडीवर तापवलेल्या फडक्याच्या शेकानं आलेला, आणि तिला तो कळलाच नव्हता. छेदाच्या आसपासच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळं तिथली कातडी काही महिने बधिर असते, भाजलं तरी जाणवत नाही. म्हणून तिथं शेक नकोच. शेगडीबद्दल आम्ही बोलतो ते रीत मोडायला नाही, एक तर हे भाजणं, आणि दुसरं बंद खोलीत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो, आई आणि बाळ दोघांना धोका. खोली गरम ठेवायची तर अंगावर पांघरूण पुरतं, आणि एप्रिलमध्ये तासगावात खोली गरम करायची गरजच काय.

डॉक्टरांनी कोपरा नीट उघडून पू काढला, आत बोट घालून बघितलं की खालचा थर, म्हणजे पोटाच्या स्नायूंवरचं जाड आवरण, शाबूत आहे का. होतं. सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं, कारण कातडी आणि चरबीपुरतं इन्फेक्शन असेल तर ते ड्रेसिंगनं भरून येतं, खालचा थर सुटला तर परत ऑपरेशन. पोट दाबून बघितलं, पिशवी दुखत नव्हती, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास नव्हता, म्हणजे पिशवीत इन्फेक्शन नव्हतं. पू तपासायला पाठवला, शुगर परत केली, नॉर्मल आली. पायांच्या पोटऱ्या टेप लावून मोजल्या, दोन्ही सारख्या. दोन रात्री ठेवलं, अँटिबायोटिक, रोज ड्रेसिंग. दूध पाजणं एक दिवस पण बंद केलं नाही, चालणारंच औषध दिलं होतं. उघडलेला कोपरा परत शिवला नाही, तो तळापासून आपोआप भरू द्यायचा असतो, वरून आधी बंद झाला तर आत पोकळी राहते. नंतर ड्रेसिंग गावातल्या उपकेंद्रात. तीन आठवड्यांत भरला.

आता मी काय सांगते, आणि कसं

पहिला बदल वेळेचा. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी काही सांगत नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी सांगते, आणि घरी जी बाई बाळंतिणीचं बघणार आहे, आई असो सासू असो आत्या असो, तिला समोर बसवून. कारण घरी सव्वा महिना राज्य तिचं असतं, आणि ते वाईट नाही, ती जीव लावूनच करते, फक्त तिला खरं काय ते कळायला पाहिजे.

दुसरा बदल आरशाचा. मी बाजारातून वीतभर आकाराचा हातात धरायचा आरसा आणला. बाळंतिणीला स्वतःची जखम दिसतच नाही हो, पोट मधे येतं! ती वाकूही शकत नाही. म्हणून आडवी झोपवून, पोट एका हातानं वर धरायला सांगून, आरशात तिला तिची जखम दाखवते. बहुतेक जणी आधी डोळे मिटतात, मग हळूच बघतात. ही पोरगी परत डिस्चार्ज झाली तेव्हा तिनंच पहिल्यांदा आरसा धरला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘एवढीच हाय व्हय? मला वाटलं अख्खं पोट फाडलंय.’ मी सांगते, ही आजची जखम लक्षात ठेवा, हवं तर तुमच्याच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उद्यापासून हिच्याशी ताडून बघायचं. कडेला थोडा कडकपणा, बधिरपणा, खाज, कपड्याला एखाद-दुसरा पाणचट डाग, हे चालतं. लाली आजच्यापेक्षा पसरली, गरम लागली, पू, वास, कड उघडली, तर नाही चालत.

मग धुणं. ‘कोरडी ठेवा’ हे शब्द मी सोडून दिलेत. मी म्हणते, रोज धुवायची, मग कोरडी करायची. ४८ तासांत कातडीच्या कडा चिकटून वरून पाणी आत जाणार नाही इतपत बंद होतात, त्यामुळं पट्टी निघाल्यावर अंघोळ बिनधास्त. कोमट पाणी, साधा साबण हाताला लावून त्याचा फेस जखमेवरून नुसता ओघळू द्यायचा, घासायचं नाही, आणि बाळंतिणीला वरून कडकडीत पाण्याचे तांबे मारतात ते पोटावर मारायचे नाहीत. मग स्वच्छ सुती कापडानं, ते कापड फक्त त्याच कामाचं, टिपायचं, पुसायचं नाही. आणि मग पोट हातानं वर धरून पंख्याखाली दहा मिनिटं पडून राहायचं, हे दहा मिनिटांचं सगळ्यात जास्त कामाचं आहे आणि हेच लोक सोडतात. उन्हाळ्यात, किंवा वजन जास्त असेल तर, घडीत धुतलेल्या सुती रुमालाची एक घडी ठेवायची आणि ओलसर झाली की बदलायची, दिवसात चार वेळा लागली तर चार वेळा. पावडर, हळद, तेल, खोबरेल, राख, काही नाही. चड्डी उंच कमरेची सुती, इलॅस्टिक बरोबर जखमेवर येईल अशी नको. अंगाला तेल लावायचं असेल तर हातपाय, पाठ लावा, पोट सोडा. पट्टा बांधायचाच असेल तर चालताना तेवढा, त्याच्या खाली दोन बोटं सहज जातील इतपत, झोपताना सोडायचा. त्यानं पोट आत जातं असं नाही, चालताना आधार वाटतो इतकंच.

उठणं, चालणं

हिची आई हिला उठवताना दोन्ही हात धरून समोरून ओढायची, विहिरीतून कळशी ओढल्यासारखं. प्रत्येक वेळी पोटाच्या स्नायूंवर सगळा ताण, जखम ठणकायची, मग पोरगी उठायलाच घाबरायची, मग दिवसभर बाजेवर. म्हणून आता उठायचं कसं ते करवूनच घेते. आधी दोन्ही गुडघे वाकवायचे, पाय गादीवर. मग खांदे आणि गुडघे एकदम एका कुशीवर वळवायचे, मधे पिळा पडू द्यायचा नाही. मग पाय बाजेखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं आणि वरच्या हातानं गादी दाबून अंग वर ढकलायचं. पाय खाली गेले की त्यांच्या वजनानं अंग आपोआप वर येतं. मदत करणाऱ्यानं हात ओढायचा नाही, पाठीमागून खांद्याला आधार द्यायचा. बसल्यावर मिनिटभर थांबायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, मग उभं राहायचं. खोकला, शिंक, हसू आलं तर उशी जखमेवर दाबून धरायची.

चालायचं रोज, घरातल्या घरात, अंगणात, दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं, दमलं की बसायचं. हे मी जास्त जोर देऊन सांगते कारण बाळंतीण म्हणजे सव्वा महिना बाजेवर ही समजूत सिझरच्या बाईला महागात पडू शकते. बाळंतपणात रक्त तसंच घट्ट व्हायच्या तयारीत असतं, सिझरनं ते अजून वाढतं, आणि पाय हलले नाहीत तर पायाच्या आतल्या शिरेत गाठ बनू शकते. हा धोका सहा आठवडे तरी असतो. पडल्या पडल्या पण पावलं वर-खाली करत राहायची. पाणी कमी द्यायचं, टाके ओले होतात, हे पण खोटंच, पाणी टाक्यांकडं जात नाही. पाणी कमी पडलं की संडासला खडा होतो, कुंथावं लागतं, तो ताण पोटावर. ही पोरगी चार दिवस संडासला गेली नव्हती, त्याचं कारण तेच.

उचलायचं किती? बाळाएवढं. त्याहून जड काही नाही, सहा आठवडे. पाण्याची घागर, भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, चाऱ्याची पेंडी, काही नाही. कातडी आठ-दहा दिवसांत जुळलेली दिसते, त्यामुळं घरच्यांना वाटतं झालं बरं, पण आतलं ते जाड आवरण भरायला आठवडे लागतात, ताण तिथंच येतो. जिने हळूहळू चालतात. डाळ, वांगं खाल्लं की टाके पिकतात हे ऐकून हिला घरी नुसता भात आणि मेथी दिली होती. टाके खाण्यानं पिकत नाहीत, उलट जखम भरायला डाळ, अंडी, दूध, उसळी लागतात. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर द्या की, त्याच्याबरोबर वरणाची वाटी पण द्या. दुखण्याच्या आम्ही लिहून देतो त्या गोळ्या दुधात अगदी कमी उतरतात, पहिले काही दिवस वेळेवर घ्यायच्या, दुखणं कमी असेल तरच बाई चालते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, एक दुपारी एक रात्री, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

कशाला थांबायचं नाही

इथं मी यादी वाचत नाही, कारण यादीतलं काहीच लक्षात राहत नाही. मी घरच्या बाईला विचारते, रात्री दोनला असं असं झालं तर तुम्ही काय कराल? आणि तिच्या तोंडून वदवून घेते.

रक्तस्राव: पहिले काही दिवस लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं, चार ते सहा आठवडे जाऊ शकतं, दूध पाजताना किंवा झोपून उठल्यावर थोडं जास्त गेलं तरी घाबरायचं नाही. पण एका तासात अख्खं पॅड भिजलं आणि दुसऱ्या तासातही तसंच, किंवा लिंबापेक्षा मोठी गाठ पडली, तर रात्र असो पाऊस असो, १०८ ला फोन.

पाय: एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, तर त्याच दिवशी यायचं आणि तो पाय चोळायचा नाही, तेल लावून मालिश तर अजिबात नाही, गाठ सुटून वर जाऊ शकते. दम लागला, छातीत कळ आली तर १०८, वाट बघायची नाही. दोन्ही पायांना थोडी सूज मात्र पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणींना असते, सलाईनची असते, उतरते.

डोकं: कमरेत इंजेक्शन दिल्यामुळं काहींचं डोकं दुखतं, त्याची खूण म्हणजे बसलं की वाढतं आणि आडवं पडलं की कमी होतं, त्यासाठी पण कळवायचंच. पण डोकं सारखंच दुखतंय, गोळीनं थांबत नाही, डोळ्यापुढं अंधारी किंवा चमका येतात, बरगडीखाली पोटात दुखतं, तर ते बीपीचं असू शकतं. गरोदरपणात बीपी नव्हतं म्हणून निर्धास्त राहू नका, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत पहिल्यांदाच वाढू शकतं आणि झटके येऊ शकतात. लगेच बीपी मोजायचं.

जखम: ताप १००.४ किंवा जास्त, थंडी वाजणं, वर सांगितलेल्या खुणा, ह्याला त्याच दिवशी. आणि एक दुर्मिळ गोष्ट आहे पण माहीत असावी, जखमेतून अचानक गुलाबी पाण्यासारखं खूप सारं वाहिलं, पू नाही, पातळ, तर आतला थर सुटत असू शकतो. तिला झोपवायचं, स्वच्छ कापड पाण्यात भिजवून जखमेवर झाकायचं, खायला-प्यायला द्यायचं नाही आणि १०८.

लघवी होत नाही, जळजळते, स्तन दगडासारखा कडक आणि लाल होऊन ताप, हे पण त्याच दिवशी. आणि पोरगी दोन आठवड्यांनंतरही सारखी रडते, झोप लागत नाही, बाळ नकोसं वाटतं, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं काही बरंवाईट बोलते, तर ते बाहेरचं काही नाही, लाजायचं काही नाही, दवाखान्यात आणायचं, आणि जिवाबद्दल बोलली असेल तर एक क्षण एकटी सोडायची नाही.

टाक्यांचं आता मी असं सांगते: टाके काढायचे नाहीत, पण आठव्या दिवशी जखम बघायची आहे, तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात, आणि गावातल्या आशाताईंचा नंबर माझ्याकडं घेऊन ठेवते. येणं खरंच जमणार नसेल तर आशाताईंना पोट वर उचलून बघू द्या, हे बाळंतिणीच्या आईला, आशाताईंना फोनवर घेऊन, सांगते.

ही पोरगी सहा आठवड्यांनी तपासणीला आली. उजव्या कोपऱ्यात व्रण बाकीच्यापेक्षा रुंद आहे, राहील तसाच थोडा. बधिरपणा अजून आहे. हिमोग्लोबिन १०.६ झालंय. आई बरोबर होती, आणि शेजारच्या खाटेवर दुसऱ्या एका बाळंतिणीला तिची सासू दोन्ही हात धरून उठवत होती, तर ही आई मला काही विचारायच्या आत उठली आणि म्हणाली, ‘ओ मावशी, तसं वढू नगा. आधी कुशीवर घ्या तिला.’